इंग्रजी उत्तम, पत्र अपुरे

आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग परीक्षा देऊन कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहणारे मराठी तरुण आणि त्यांना शिकवणारे शिक्षक यांच्यात एक तक्रार हल्ली जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. लेखनाच्या पेपरातल्या पहिल्या प्रश्नात पत्र लिहायचे असते. त्या पत्राला गुण देताना परीक्षक व्याकरण आणि शब्दसंपत्ती पाहतात, त्याबद्दल कोणाची हरकत नाही. पण पत्राचा हेतू स्पष्ट आहे का, सूर योग्य आहे का, दिलेले तिन्ही मुद्दे आले का, यांसाठी वेगळा गुण असतो आणि तो मुलांचे नुकसान करतो, असे म्हटले जाते. परीक्षा भाषेची आहे तर भाषाच तपासा, सूर ही ज्याच्या त्याच्या संस्कृतीची बाब आहे आणि मुद्दे मोजणे म्हणजे कारकुनी, असा हा युक्तिवाद आहे. तो मला मान्य नाही. ज्या गुणाला अन्याय म्हटले जाते, तोच या पेपरातला सर्वांत न्याय्य भाग आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर मांडतो.

आधी प्रश्नाचे स्वरूप पाहू. एका परिच्छेदात एक प्रसंग दिलेला असतो. त्याखाली तीन मुद्दे असतात आणि पत्र कोणाला लिहायचे तेही सांगितलेले असते. किमान 150 शब्द लिहायचे, त्यासाठी साधारण 20 मिनिटे द्यायची. पत्ता लिहायची गरज नाही, असे प्रश्नातच छापलेले असते. तपासणी चार निकषांवर होते. पत्राने आपले काम किती पार पाडले हा पहिला निकष, त्याला टास्क अचीव्हमेंट म्हणतात. मांडणी आणि सुसंगती हा दुसरा, शब्दसंपत्ती तिसरा, व्याकरणाचे वैविध्य आणि अचूकता चौथा. चारही निकषांना 0 ते 9 असे बँड मिळतात आणि चारींचे वजन सारखे असते. म्हणजे पत्राच्या गुणांतले तीन चतुर्थांश गुण भाषेला आणि मांडणीलाच आहेत. 'भाषाच तपासा' ही मागणी इथेच लंगडी पडते. वाद उरतो तो पहिल्या निकषाच्या चौथ्या हिश्श्याचा.

हा चौथा हिस्सा कशासाठी, हे एका उदाहरणातून तपासू. समजा प्रश्न असा आहे: तुम्ही भाड्याच्या घरात राहता आणि घरातले हीटिंग नीट चालत नाही. घरमालकाला पत्र लिहा. त्यात बिघाड काय आहे ते सांगा, तुम्ही आतापर्यंत काय केले ते सांगा, आणि त्यांनी काय करावे व कधीपर्यंत करावे ते सांगा.

पहिल्या उमेदवाराचे इंग्रजी सफाईदार आहे. तो सुरुवात करतो, 'आय अ‍ॅम रायटिंग धिस लेटर टू ब्रिंग टू युवर काइंड नोटिस'. पुढच्या चार वाक्यांत थंड देशात उष्णतेचे महत्त्व किती आहे, घर उबदार नसले की माणसाच्या आरोग्यावर आणि कार्यक्षमतेवर कसा परिणाम होतो, हे तो उत्तम शब्दांत मांडतो. बिघाडाबद्दल एकच वाक्य येते: हीटिंग नीट चालत नाही. आतापर्यंत काय केले याबद्दल अर्धे वाक्य: मी पुष्कळ प्रयत्न केले. मागणीच्या जागी 'काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट'. आणि अगदी शेवटी, तसे न झाल्यास मी कायदेशीर कारवाई करेन, असा इशारा.

दुसऱ्या उमेदवाराचे इंग्रजी साधे आहे. दोन-तीन ठिकाणी आर्टिकल राहून गेले आहे, एका ठिकाणी काळ चुकला आहे. तो लिहितो की झोपण्याच्या खोलीतला हीटर गेल्या सोमवारपासून बंद आहे, बाकीच्या दोन खोल्यांतले चालू आहेत. त्याने इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला दोनदा फोन केला. तो बुधवारी आला, थर्मोस्टॅट पुन्हा सुरू करून गेला, पण दुसऱ्या दिवशी हीटर परत थंड पडला. घरात लहान मूल आहे, म्हणून शुक्रवारपर्यंत जाणकार कारागीर पाठवता आला तर आभारी राहीन, मी रोज संध्याकाळी पाचनंतर घरी असतो, असे तो शेवटी कळवतो.

आता घरमालकाच्या जागी बसून ही दोन पत्रे वाचा. दुसरे पत्र वाचून तो लगेच फोन उचलू शकतो. कोणता हीटर, कधीपासून, काय करून झाले, कोणाला पाठवायचे, केव्हा पाठवायचे, हे सगळे त्याच्या हातात आहे. पहिले पत्र वाचून त्याला यातले काहीच कळत नाही. त्याला भाडेकरूला फोन करून पहिल्यापासून विचारावे लागेल, आणि तेही धमकी वाचून झाल्यावर. म्हणजे पहिल्या पत्रातले चांगले इंग्रजी घरमालकापर्यंत पोहोचून निकामी ठरले. पत्राचे काम वाचणाऱ्याला काहीतरी कळवणे आणि त्याच्याकडून काहीतरी करवून घेणे हे असेल, तर ते झाले की नाही हे तपासणे भाषेच्या परीक्षेबाहेरचे कसे ठरते? भाषा ज्या कामासाठी वापरली, ते कामच न पाहता भाषेची पारख करा असे म्हणणे मला समजत नाही.

परीक्षेच्या जाहीर बँड वर्णनांनुसार या दोन पत्रांचा हिशेब मी असा मांडेन. पहिल्या पत्राला कामासाठी 5, मांडणीसाठी 6, शब्दसंपत्तीसाठी 7, व्याकरणासाठी 7. बेरीज 25, सरासरी 6.25. दुसऱ्या पत्राला कामासाठी 8, मांडणीसाठी 7, शब्दसंपत्ती आणि व्याकरणासाठी प्रत्येकी 6. बेरीज 27, सरासरी 6.75. दुसऱ्याच्या व्याकरणाच्या चुका माफ झालेल्या नाहीत. त्यांची किंमत त्याने दोन निकषांत मोजली आहे. पहिल्याच्या भाषेचे श्रेयही त्याला पूर्ण मिळाले आहे. फक्त त्या श्रेयाच्या आड पत्राचा अपुरेपणा लपवता आलेला नाही. यात अन्याय कोणावर झाला?

आता मुद्दे मोजण्याच्या आक्षेपाकडे येतो. परीक्षक तीन मुद्द्यांपुढे खुणा करत बसतो आणि एक खूण राहिली की गुण कापतो, असे चित्र रंगवले जाते. जाहीर वर्णने नीट वाचली तर चित्र वेगळे दिसते. एखादा मुद्दा पत्रात आलाच नाही, तर ते वर्णन बँड 4 चे आहे. सगळे मुद्दे आले, पण एखादा अपुरा राहिला, तर बँड 5. सगळे पुरेसे आले तर 6. सगळे स्पष्ट उठून दिसले, मात्र आणखी विस्ताराला वाव राहिला, तर 7. सगळे स्पष्ट मांडले आणि योग्य तपशिलाने भरले, तर 8. म्हणजे मुद्दा 'आहे' की 'नाही' एवढाच प्रश्न नसतो. नुसता उल्लेख, पुरेशी मांडणी आणि नेमका विस्तार अशा पायऱ्या आहेत. 'मी पुष्कळ प्रयत्न केले' हा उल्लेख झाला. 'दोनदा फोन केला, बुधवारी माणूस आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडले' हा विस्तार झाला. त्यासाठी कठीण शब्द लागले नाहीत, मोठी वाक्ये लागली नाहीत. लागला तो वाचणाऱ्याच्या गरजेचा विचार.

विद्यार्थी इथे नेमके कुठे घसरतात हे वह्या तपासताना दिसते. एका मुद्द्यात दोन गोष्टी विचारलेल्या असतात आणि त्यातली एकच लिहिली जाते. 'काय करावे आणि कधीपर्यंत' यातले 'कधीपर्यंत' हमखास गळते. सूचना अनेकवचनी मागितल्या असतील तर एकच दिली जाते. किंवा पहिला मुद्दा ओळखीचा वाटला म्हणून त्यावर नव्वद शब्द खर्ची पडतात आणि उरलेले दोन मुद्दे शेवटच्या तीन ओळींत उरकले जातात. तपशिलात अडकून राहण्याची ही सवय बँड 5 च्या वर्णनात स्पष्ट नोंदवलेली आहे. यावर उपायही साधा आहे. पत्र झाले की प्रश्न झाकून ठेवा आणि ज्याने प्रश्न पाहिलेला नाही अशा माणसाला ते वाचायला द्या. कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले आणि काय मागितले, हे विचारा. त्याला पत्रावरून तिन्ही मुद्दे परत सांगता आले तर ते मुद्दे पोहोचले. एखाद्या ठिकाणी तो अडखळला तर परीक्षकही तिथेच अडखळणार.

या निकषामुळे आणखी एक गोष्ट साधते, आणि आक्षेप घेणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत. हा गुण काढून टाकला तर फायदा कोणाचा होईल? पाठांतराचा. तक्रारीचे एक, विनंतीचे एक, आभाराचे एक अशी पत्रे घोकून घेण्याची पद्धत अनेक शिकवण्यांत आहे. घोकलेले पत्र भाषेच्या तिन्ही निकषांवर बरे दिसू शकते, कारण ते दुसऱ्या कोणीतरी काळजीपूर्वक लिहिलेले असते. ते उघडे पडते ते प्रश्नातल्या मुद्द्यांपाशी. हॉटेलविरुद्धची पाठ तक्रार हीटिंगच्या प्रश्नाला चिकटवली की पहिली दोन वाक्ये जुळतात आणि पुढे तपशील विसंगत होतात. ज्या मुलाकडे पैसे भरून घेतलेले साचे नाहीत, पण प्रश्न वाचून स्वतःचे उत्तर लिहिण्याची तयारी आहे, त्याला संरक्षण देणारा निकष हाच आहे. गरीब मुलांच्या नावाने या निकषाला विरोध करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळतो: सुराचा. आक्षेप असा की सभ्यता कशाला म्हणायचे हे प्रत्येक समाज ठरवतो. 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली', 'डू द नीडफुल' ही भारतातल्या इंग्रजीची नम्रता आहे. ती लिहिणाऱ्या मुलाला उद्धट किंवा कृत्रिम ठरवण्याचा अधिकार परक्या परीक्षकाला कोणी दिला? यातला एक भाग मला मान्य आहे. हे शब्दप्रयोग म्हणजे चुका नव्हेत. भारतीय कार्यालयांत ते रोज चालतात आणि ते लिहिणारा माणूस असभ्य नसतो. कोणी शिक्षक नुसता 'काइंडली' दिसल्यावर सुराला शून्य ठरवत असेल तर तो चुकतो.

पण निकष शब्दांची काळी यादी करत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: सूर वाचणाऱ्याला साजेसा असावा आणि तो पत्रभर टिकावा. बँड 7 च्या वर्णनात किरकोळ घसरणीला जागाही ठेवलेली आहे. पहिल्या उमेदवाराच्या पत्रात गडबड 'काइंडली'ने केली नाही. सुरुवातीला अर्जदारासारखे वाकणे आणि शेवटी कोर्टाची धमकी, या दोन टोकांमुळे गडबड झाली. एकाच पत्रात लिहिणारा दोनदा बदलला. हे कोणत्याही संस्कृतीत खटकेल.

आणि मराठी माणसाला सुराची ही जाण परकी आहे, हे म्हणणे तर मला मुळीच पटत नाही. आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण यांतून नाते पहिल्याच वाक्यात ठरते. मित्राला लिहिताना मध्येच 'आपण' आले किंवा साहेबांना लिहिताना 'तू' आले तर शाळकरी मुलालाही ते बोचते. अडचण वेगळी आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' आहे. त्यामुळे आपण सर्वनामाकडून जे काम करून घेतो ते तिथे वाक्याच्या बांधणीकडून करून घ्यावे लागते. मित्राला 'कॅन यू' चालते, ओळखीच्या घरमालकाला 'कुड यू प्लीज' बरे, अनोळखी अधिकाऱ्याला 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड' शोभते. मित्राच्या पत्रात 'आय अ‍ॅम' चे 'आयम' व्हावे, अधिकाऱ्याच्या पत्रात होऊ नये. शेवटही मायन्याशी जुळावा: 'डिअर सर ऑर मॅडम' ला 'युवर्स फेथफुली', नाव लिहून सुरुवात केली तर 'युवर्स सिन्सिअरली', मित्राला नुसते 'बेस्ट विशेस'. हे सगळे शिकवता येते आणि मोजक्या तासांत शिकवता येते, कारण विद्यार्थ्याला नात्याची जाण आधीपासून असते. तिला इंग्रजी वाक्य मिळवून द्यायचे एवढेच काम उरते. ते न करता सुराचा गुणच रद्द करा म्हणणे म्हणजे आपल्या मुलांच्या क्षमतेला कमी लेखणे आहे.

मुले घसरतात त्याचे एक कारण आपल्या शाळेतही आहे. शाळेत पत्रलेखन शिकताना पत्ता कुठे, दिनांक कुठे, विषय कुठे, मायना कसा, यावर इतका भर असतो की पत्र म्हणजे आराखडा अशी समजूत पक्की होते. ती समजूत घेऊन आलेला उमेदवार इथेही पत्ता लिहितो, विषयाची ओळ लिहितो, आणि वीस मिनिटांतली मोलाची मिनिटे तिथे घालवतो. त्याला मित्राचे पत्र लिहायला सांगितले तरी तो मुख्याध्यापकांना लिहिल्यासारखे लिहितो. हा दोष परीक्षेचा नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही. तो शिकवण्याचा आहे आणि तो आपणच दुरुस्त करायला हवा.

हेतूबद्दल फारसा वाद होत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हेतू स्पष्ट असणे म्हणजे पहिल्या वाक्यात 'मी हे पत्र अमुक कारणासाठी लिहीत आहे' अशी घोषणा करणे एवढेच नव्हे. घोषणा विनंतीची आणि मजकूर निव्वळ गाऱ्हाण्याचा असेल तर हेतू मध्येच धूसर होतो. वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत एकच गोष्ट कळत राहिली पाहिजे: हा माणूस माझ्याकडून काय अपेक्षितो.

शेवटी एक व्यावहारिक आक्षेप उरतो. लेखनाच्या एकूण गुणांत निबंधाचे वजन पत्राच्या दुप्पट असते. म्हणजे पत्र एक तृतीयांश, आणि त्यातला हा निकष एक चतुर्थांश. एकूण लेखनात त्याचा वाटा एक द्वादशांश. एवढ्यासाठी कशाला डोके फोडायचे? हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. कॅनडाच्या स्थलांतर व्यवस्थेत जनरल ट्रेनिंगच्या लेखनातला 6.5 बँड भाषेच्या आठव्या पातळीला धरतात आणि 7 बँड नवव्या पातळीला. चारही कौशल्यांत नववी पातळी गाठली तर एक्सप्रेस एंट्रीत शिक्षण आणि अनुभवाला जोडून जादा गुण मिळतात. त्या सीमेवर अडकलेले उमेदवार बहुधा लेखनातच अडकतात. व्याकरण 6 वरून 7 वर न्यायला कित्येक महिन्यांचा सराव लागतो. पत्रातले मुद्दे आणि सूर 5 वरून 7 वर नेणे लक्षपूर्वक केलेल्या काही आठवड्यांच्या कामात होते. एवढ्या कमी वेळात सुधारता येणारा दुसरा निकष या पेपरात नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करा असे सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याचे सर्वांत सोपे गुण सोडून देतो.

आणि ही एका परीक्षेची लहर म्हणावी तर तसेही नाही. कॅनडातल्या सेल्पिप या परीक्षेत पहिला लेखनप्रश्न ईमेलचा असतो. 27 मिनिटे, 150 ते 200 शब्द. तिथेही प्रश्नाची पूर्तता हा चार निकषांपैकी एक आहे आणि त्यात पूर्णता व सूर दोन्ही पाहिले जातात. ही परीक्षा देणारा माणूस पुढे घरमालकाला, मुलाच्या शाळेला, कामावरच्या वरिष्ठाला लिहिणार आहे. तिथे त्याची आर्टिकल्स कोणी मोजणार नाही. त्याचे काम झाले की नाही, हे मात्र त्याला रोज कळेल.

म्हणून हा निकष काढून टाकण्याची मागणी सोडून द्यावी आणि शिकवणाऱ्यांनी आपली तपासण्याची पद्धत बदलावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विद्यार्थ्याचे पत्र हाती आले की व्याकरणाच्या चुकांवर लाल शाई लगेच उचलू नका. आधी ते घरमालक होऊन, मित्र होऊन, अधिकारी होऊन सलग वाचा. समासात तीन गोष्टी लिहा: हेतू कोणत्या ओळीत कळला, कोणता मुद्दा नुसता उल्लेखावर राहिला, सूर कोणत्या वाक्यात बदलला. त्या तिन्हींचा बँड ठरवा आणि मगच पहिले आर्टिकल दुरुस्त करा. ज्या शिकवण्यांत हा क्रम उलटा आहे, तिथली मुले नीट इंग्रजी लिहूनही पत्रात मागे पडत राहतील, आणि त्याचा दोष परीक्षेला देता येणार नाही.